तिसऱ्या क्रमाचा बटरवर्थ लो-पास फिल्टर: कटऑफ १००० हर्ट्झ असेल तर पोल कुठे येतात?

अर्धाव्होल्ट (धागाकर्ता)

नमस्कार. एका सेन्सरच्या संकेतासाठी मला तिसऱ्या क्रमाचा अॅनालॉग लो-पास फिल्टर हवा आहे. कटऑफ १००० हर्ट्झ आहे आणि त्याच्या आतला भाग शक्य तितका सपाट असावा, म्हणून बटरवर्थ निवडला. सुरुवात या सूत्राने केली:

```
|H(jω)|² = 1 / (1 + (ω/ωc)^6)
```

इथे ω च्या जागी s आणायचा म्हणून छेद शून्य धरला आणि s^6 = -ωc^6 असे लिहिले. या समीकरणाची सहा मुळे वर्तुळावर ३०, ९०, १५०, २१०, २७० आणि ३३० अंशांवर येतात. त्यांतली डावीकडची घ्यायची एवढे मला माहीत आहे, परंतु डावीकडे दोनच आहेत (१५० आणि २१०), दोन उजवीकडे आहेत आणि उरलेली दोन थेट काल्पनिक अक्षावर बसली आहेत. तिसरा पोल आणायचा कुठून? माझा एक मित्र म्हणतो की ९० अंशांवरचाही डावीकडचाच समजावा, पण ते मनाला पटत नाही.

दुसरी शंका किरकोळ आहे. ωc म्हणून १००० घ्यायचे की ६२८३?

तांब्याची_तार

एवढ्या खटाटोपाची गरज आहे असे मला वाटत नाही. तिसरा क्रम म्हणजे तीन रेझिस्टर आणि तीन कपॅसिटर. १००० हर्ट्झचे तीन आरसी टप्पे एकामागोमाग ठेवावेत आणि एकाचा भार दुसऱ्यावर पडू नये म्हणून मध्ये बफर द्यावेत. ट्रान्सफर फंक्शन लगेच लिहिता येते, कारण तिन्ही पोल एकाच जागी, -ωc वर, आहेत आणि छेद (s + ωc)³ होतो. कटऑफच्या बऱ्याच वर गेल्यावर उतार दर सप्तकाला १८ डेसिबल मिळतो आणि बटरवर्थमध्येही तेवढाच मिळतो. मी अशी मंडळे वर्षानुवर्षे वापरली आहेत.

शून्य_आणि_पोल

अर्धाव्होल्ट, तुमची चूक एका चिन्हाची आहे आणि ती का झाली असावी याचा अंदाजही करता येतो.

s = jω असेल तर ω = s/j. म्हणून ω^6 म्हणजे s^6 भागिले j^6. आता j² = -1 असल्यामुळे j^6 = (-1)³ = -1 येतो. याचा अर्थ ω^6 = -s^6, आणि तुमचा छेद 1 + (s/ωc)^6 असा न राहता 1 - (s/ωc)^6 असा होतो. सोडवायचे समीकरण s^6 = +ωc^6 हे आहे. त्याची मुळे ०, ६०, १२०, १८०, २४० आणि ३०० अंशांवर येतात. त्यांपैकी १२०, १८० आणि २४० ही तीन डावीकडे आहेत, ०, ६० आणि ३०० ही तीन उजवीकडे आहेत आणि अक्षावर एकही नाही.

बहुतेक पुस्तकांत पहिले सोडवलेले उदाहरण दुसऱ्या क्रमाचे असते. तिथे j^4 = +1 असल्याने ω^4 = s^4 होते, उणे चिन्ह जागच्या जागी राहते आणि s^4 = -ωc^4 हेच बरोबर ठरते. तो साचा तसाच तिसऱ्या क्रमाला लावला की नेमके तुमच्यासारखे उत्तर येते. क्रम सम असेल तर उणे राहते आणि विषम असेल तर जाते, पण हे पाठ करण्यापेक्षा j चा घात प्रत्येक वेळी स्वतः काढलेला बरा.

तुमच्या मित्राचा सल्ला चुकीचा आहे हे कोणत्याही सिद्धांताशिवाय दाखवता येते. ९० अंशांवरचा पोल म्हणजे s = jωc. म्हणजे बरोबर कटऑफच्या वारंवारतेला छेद शून्य होणार आणि प्रतिसाद अनंत होणार. पण ज्या सूत्रापासून आपण निघालो ते सूत्र त्याच वारंवारतेला |H|² = 1/2 असे सांगते. उत्तर मूळ सूत्रालाच खोटे ठरवत असेल तर मधल्या पायरीत काहीतरी बिघडले आहे एवढे नक्की. बटरवर्थचा कोणताही पोल, क्रम कितीही असला तरी, काल्पनिक अक्षावर येत नाही.

आता आकडे. सूत्रातला ω रेडियन प्रति सेकंदात असतो, म्हणून ωc = 2π × 1000 = 6283.2. तिन्ही पोल या त्रिज्येच्या वर्तुळावर आहेत. १८० अंशांचा पोल -6283.2 वर येतो. १२० आणि २४० अंशांच्या जोडीसाठी cos 120° = -0.5 आणि sin 120° = 0.8660, म्हणून:

```
p1   = -6283.2
p2,3 = -3141.6 ± j5441.4
```

जोडीचा गुणाकार केल्यावर मधल्या पदाचा सहगुणक -2 × (-3141.6), म्हणजे पुन्हा ωc च, येतो आणि शेवटचे पद ωc² येते. शून्य वारंवारतेला प्रतिसाद १ हवा असल्याने वर ωc³ ठेवावे लागते.

```
                    ωc³
H(s) = -----------------------------
        (s + ωc)(s² + ωc·s + ωc²)

                      ωc³
     = ---------------------------------
        s³ + 2ωc·s² + 2ωc²·s + ωc³
```

पुढे जाण्याआधी s = jωc घालून पाहा. छेदात ωc³ सामाईक काढल्यावर -j - 2 + 2j + 1 उरते, म्हणजे -1 + j. त्याचे मान √2 आहे, तेव्हा |H| = 0.7071, म्हणजे सुमारे -३ डेसिबल. कोन -१३५ अंश येतो. ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते आणि चिन्ह किंवा सहगुणक चुकलेला असेल तर बहुतेक वेळा इथेच उघडा पडतो.

तांब्याची_तार यांच्या म्हणण्यातला उताराचा भाग बरोबर आहे, पण प्रश्न सपाटपणाचा होता. तीन एकसारख्या टप्प्यांत प्रत्येक टप्पा १००० हर्ट्झला ३ डेसिबल खातो, म्हणजे तिथे एकूण घट ९ डेसिबल होते. एकत्रित मंडळाचा खरा ३ डेसिबल बिंदू सुमारे ५१० हर्ट्झवर येतो.

तांब्याची_तार

९ डेसिबल मान्य. मग प्रत्येक टप्प्याचा कटऑफ वर सरकवावा; ५१० चे १००० करायला १९६० हर्ट्झ ठेवले की झाले. त्यासाठी तीन वेगवेगळे पोल कशाला हवेत?

शून्य_आणि_पोल

तसे केल्याने ३ डेसिबल बिंदू १००० वर येईल, पण वक्राचा आकार बदलणार नाही. ५०० हर्ट्झला तुमच्या मंडळात सुमारे ०.८ डेसिबलची घट असेल. बटरवर्थमध्ये तिथे ०.०७ डेसिबलसुद्धा नसते. आणि वर, २००० हर्ट्झला, बटरवर्थ १८ डेसिबल कापतो, तर तुमचे मंडळ ९ च्या आसपास. उतार शेवटी सारखाच होतो हे खरे, पण तो शेवट फार दूर आहे.

गणितवेडी

मला पोल न काढताच छेद मिळवायची एक वाट आवडते, कारण सहगुणक 2 आणि 2 कुठून आले हे तिच्यात दिसते. सोयीसाठी ωc = 1 धरू आणि छेद s³ + a·s² + b·s + 1 असा मानू. s = jω घातल्यावर वास्तव भाग 1 - aω² आणि काल्पनिक भाग bω - ω³ येतो. दोघांच्या वर्गांची बेरीज करा:

```
1 + (b² - 2a)ω² + (a² - 2b)ω⁴ + ω⁶
```

आपल्याला फक्त 1 + ω⁶ हवे आहे. सर्वाधिक सपाट म्हणजे हेच, की मधली दोन्ही पदे नाहीशी व्हावीत, जेणेकरून शून्याजवळ वक्र खाली वाकायला ω⁶ शिवाय दुसरे कारणच उरू नये. म्हणून b² = 2a आणि a² = 2b. एकाची किंमत दुसऱ्यात घातली की a⁴ = 8a मिळते. a शून्य नसेल तर a³ = 8, म्हणजे a = 2, आणि मग b = 2.

यात एक गंमत आहे. a = b = 0 हेही समीकरणांचे उत्तर आहे! तेव्हा छेद s³ + 1 होतो आणि त्याचे मान अगदी तेच, 1 + ω⁶ चे वर्गमूळ. कागदावर दोन्हींचा वक्र हुबेहूब सारखा दिसेल, परंतु s³ + 1 ची मुळे १८०, ६० आणि ३०० अंशांवर आहेत. त्यांतली दोन उजवीकडे असल्याने असे मंडळ बांधले तर त्याचे आउटपुट वाढतच जाईल. केवळ मानाचा आलेख पाहून फिल्टर बरोबर आहे असे म्हणता येत नाही, याचे यापेक्षा लहान उदाहरण मला माहीत नाही.

सॅम्पलवाला

आपण सगळे चुकीच्या दिशेने चालला आहात असे वाटते. पोल डाव्या अर्ध्या भागात असून चालत नाही, ते एकक वर्तुळाच्या आत असावे लागतात. माझ्या प्रकल्पात सॅम्पलिंग ८००० हर्ट्झ आहे आणि ६२८३ घालून कटऑफ १००० वर आलाच नाही, किंचित खाली आला. ६६२७ घालावे लागले.

शून्य_आणि_पोल

तुमचा फिल्टर डिजिटल आहे आणि धागाकर्त्याचा अॅनालॉग. एकक वर्तुळाची अट z च्या प्रतलात लागते, इथे आपण s च्या प्रतलात आहोत. ६६२७ मात्र बरोबर आहे: द्विरेषीय रूपांतरात वारंवारतेचा अक्ष दाबला जातो, म्हणून आधी 2 × 8000 × tan(π × 1000/8000) काढून तो ωc म्हणून वापरायचा असतो. पोलांचे कोन तेव्हाही १२०, १८० आणि २४० च राहतात, फक्त त्रिज्या ६२८३ ऐवजी ६६२७ होते. अॅनालॉग मंडळाला या दुरुस्तीची काहीही गरज नाही.

अर्धाव्होल्ट

चूक तीच होती. माझ्या वहीत वर दुसऱ्या क्रमाचे उदाहरण आहे आणि मी तिथली ओळ उतरवली होती. आता उत्तर संगणकावर ताडून पाहिले:

```python
import numpy as np
from scipy.signal import butter
z, p, k = butter(3, 2*np.pi*1000, analog=True, output='zpk')
print(p, k)
```

पोल वर दिल्याप्रमाणेच आले आणि k सुमारे 2.4805e11, म्हणजे ωc³. आधी मी 2*np.pi विसरून नुसते 1000 दिले होते. तेव्हा कोणतीही चूक दाखवली गेली नाही, पोलही सुबक दिसत होते, -1000 आणि -500 ± j866. आलेख हर्ट्झमध्ये काढला तेव्हा घसरण १५९ वर सुरू झालेली दिसली आणि मग लक्षात आले.

आता मंडळाकडे वळतो. जोडीच्या पोलांसाठी ऑप-अँप लागेल असे समजतो. ते बरोबर आहे ना?

जुना_सोल्डर

जोडीचा Q १ आहे, आणि नुसत्या रेझिस्टर-कपॅसिटरने Q अर्ध्याच्या वर जात नाही, म्हणून ऑप-अँप हवाच (किंवा कॉइल, पण १००० हर्ट्झला कॉइल नको). एकक लाभाची सॅलन-की रचना घ्या. दोन्ही रेझिस्टर सारखे ठेवले तर Q = ½√(C1/C2) येतो, म्हणजे Q = 1 साठी C1 हा C2 च्या चौपट हवा. C1 म्हणजे आउटपुटकडून मधल्या सांध्यावर येणारा आणि C2 म्हणजे जमिनीकडे जाणारा.

आता माझी जुनी युक्ती सांगतो. C2 म्हणून १० नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर घ्या आणि C1 म्हणून तसलेच चार समांतर. मग R = 1/(ωc × 20 नॅनोफॅरड), म्हणजे ७९५८ ओम. एकट्या पोलाच्या आरसी टप्प्यात तोच रेझिस्टर आणि १० नॅनोफॅरडचे दोन समांतर घातले की तिथेही ωc तोच येतो. म्हणजे अख्खा फिल्टर एकाच पट्टीतल्या सात कपॅसिटरांत आणि तीन सारख्या रेझिस्टरांत बसतो. ७९५८ बाजारात मिळत नाही, पण ७.५ किलोओमला ४७० ओम जोडले की ७९७० होतात आणि कटऑफ ९९८ हर्ट्झच्या जवळ येतो. कपॅसिटरचा फरक त्याहून कितीतरी मोठा असणार, त्यामुळे यापेक्षा बारीक जाण्यात अर्थ नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. आरसी टप्पा सॅलन-कीच्या आधी थेट जोडू नका, कारण त्याच्यावर पुढच्या टप्प्याचा भार पडतो आणि तिन्ही पोल जागचे हलतात. एक तर मध्ये बफर द्या, नाहीतर आरसी टप्पा ऑप-अँपच्या पुढे ठेवा. दुसरे, फक्त सॅलन-की टप्प्याचे आउटपुट मोजलेत तर ७०७ हर्ट्झच्या आसपास सव्वा डेसिबलचा उंचवटा दिसेल. अनेक जण तो पाहून मंडळ बिघडले असे समजतात आणि कपॅसिटर बदलत बसतात.

गणितवेडी

तो उंचवटा असायलाच हवा, हे मोजून दाखवता येते. ७०७ हर्ट्झला जोडीचा प्रतिसाद १.१५५ आहे आणि त्याच जागी एकट्या पोलाचा ०.८१६. गुणाकार ०.९४३ येतो, आणि 1/√(1 + 0.125) सुद्धा तेवढाच. एक टप्पा जितका लवकर वाकतो तितका दुसरा वर उचलतो. माझ्या समीकरणांतली मधली पदे एकमेकांना मारतात, तीच गोष्ट ही.

वजनकाटा

माझे प्रकरण थोडे वेगळे आहे, पण इथेच विचारतो. मला दिलेल्या अटीत ‘पासबँडच्या कडेला, १००० हर्ट्झवर, घट जास्तीत जास्त १ डेसिबल’ असे लिहिले होते. मी १००० लाच कटऑफ समजून वरच्यासारखेच पोल काढले आणि तपासणीत नापास झालो.

शून्य_आणि_पोल

बटरवर्थच्या सूत्रातला ωc हा ३ डेसिबलचा बिंदू आहे. तुमच्या १००० ला १ डेसिबलच चालते, म्हणून ωc वर न्यावा लागेल. १ डेसिबल घट म्हणजे 1 + (ωp/ωc)^6 = 10^0.1 = 1.2589. तेव्हा ωp/ωc म्हणजे 0.2589 चे सहावे मूळ, 0.7984. कटऑफ १२५३ हर्ट्झच्या आसपास येतो आणि ωc = 7870. पोल -7870 आणि -3935 ± j6816. ‘कटऑफ’ हा शब्द जो तो आपापल्या अर्थाने वापरतो, म्हणून किती डेसिबलला, हे विचारल्याशिवाय पोल काढायला बसू नये.

वजनकाटा

आभारी आहे. आणखी एक. माझ्या दुसऱ्या मंडळात लोड सेलनंतर हाच तिसऱ्या क्रमाचा बटरवर्थ आहे, कटऑफ १० हर्ट्झ. वजन एकदम ठेवले की आकडा खऱ्या वजनाच्या सुमारे ८ टक्के वर जातो आणि मग खाली येऊन स्थिरावतो. पोल चुकले आहेत का?

जुना_सोल्डर

पोल बरोबर असल्याचीच ती खूण आहे. तिसऱ्या क्रमाच्या बटरवर्थला पायरी दिली की तो सुमारे ८ टक्के पुढे धावतो. सपाटपणा वारंवारतेतला आहे, वेळेतला नव्हे. वजनाच्या काट्याला बेसेल घ्यावा.

तांब्याची_तार

किंवा माझे तीन सारखे टप्पे! तिन्ही पोल वास्तव असल्याने ते मुळीच पुढे धावत नाहीत.

शून्य_आणि_पोल

इथे तांब्याची_तार यांचे म्हणणे गंभीरपणे घ्यावे लागेल. आसपास विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट असेल तर मात्र हिशेब बदलतो: १० हर्ट्झ कटऑफला बटरवर्थ तिथे जवळजवळ ४२ डेसिबल कापतो, तर १० हर्ट्झलाच ३ डेसिबल देणारे तीन सारखे टप्पे सुमारे २६. बेसेल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडेल.

जुना_सोल्डर

५० हर्ट्झसाठी वेगळा नॉच द्यावा. एकाच फिल्टरकडून सगळी कामे करून घेण्याच्या मी विरुद्ध आहे.

शून्य_आणि_पोल

नॉचही पायरीच्या प्रतिसादात थोडी लहर आणतो, त्यामुळे मला ते तितके सरळ वाटत नाही. वजनकाटा यांनी ५० हर्ट्झचा हस्तक्षेप किती आहे ते आधी मोजून सांगावे.

अर्धाव्होल्ट

माझे मंडळ ब्रेडबोर्डवर बांधून झाले. एकाच पट्टीतले सात कपॅसिटर आणि ७.५ किलोओम अधिक ४७० चे तीन संच वापरले, आरसी टप्पा शेवटी ठेवला. ३ डेसिबल बिंदू ९६५ हर्ट्झवर मिळाला आणि २००० हर्ट्झला घट १९ डेसिबलच्या जरा खाली. पासबँडमध्ये उंचवटा दिसत नाही. ९६५ हे कपॅसिटर साधारण साडेतीन टक्के जास्त भरत असल्यामुळे असावे असा माझा अंदाज आहे, कारण सातही सारखेच जास्त असतील तर वक्राचा आकार तसाच राहून फक्त सरकेल. मात्र माझ्याकडे कपॅसिटर मोजायचे मीटर नाही. शेवटच्या टप्प्यावर ऑसिलोस्कोपच्या प्रोबचा भार किती धरावा, हे कुणी सांगू शकेल का?

जुना_सोल्डर

दहापट प्रोब असेल तर दहा मेगओम आणि काही पिकोफॅरड. २० नॅनोफॅरडपुढे ते नगण्य आहे. एका कपॅसिटरचा आरसी टप्पा वेगळा बांधून त्याचा ३ डेसिबल बिंदू मोजा, मीटर नसले तरी किंमत कळेल.